एका ‘धा’चे दोन हात

माझं लग्न झालं तेव्हा तबला घरात होताच. हे, म्हणजे माझे यजमान, कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. शिफ्ट संपवून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि तबल्याला बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. कॉलनीत दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागत, नाहीतर केंद्राच्या चिमण्यांची बारीक राख घरात येई. त्या बंद घरात मी आतल्या खोलीत भाजी निवडत असायची आणि बाहेरच्या खोलीत धा धिं धिं धा चालू असायचं. मला त्या आवाजाची सवय होती, पंख्याच्या आवाजाची असते तशी. बंद झाला की तेवढं कळायचं.

निवृत्तीनंतर आम्ही सक्करदऱ्याला राहायला आलो. तलावाकडे जाताना एक लहानसं देऊळ आहे, त्याच्या सभागृहात दर गुरुवारी भजन होतं. तिथल्या मंडळात हे तबल्यावर बसू लागले. पेटीवर त्यांचे जुने मित्र, कोराडीला एकाच शिफ्टमध्ये असलेले. त्यांना मी भाऊजी म्हणते. इतकी वर्षं मी त्या भजनाला बाहेरच्या ओटीवर, बायकांमध्ये बसत होते. तबला कोण वाजवतं हे ठाऊक होतं, काय वाजवतं हे कधी कानावर घेतलं नव्हतं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ह्यांना स्वेटरची डावी बाही घालता येईना. हात बाहीत जात नव्हता आणि तो जात नाही हेही त्यांना कळत नव्हतं. मी हसत म्हणाले, ‘‘काय करून राहिले हो?’’ त्यांनी उत्तर दिलं ते मला समजलं नाही. तोंड डावीकडे सैल पडलं होतं. शेजारच्यांनी गाडी काढली म्हणून आम्ही वेळेवर दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी झाली, म्हणून शरीराची डावी बाजू गेली, पण लवकर आणलंत. त्या शेजाऱ्यांचे उपकार मी अजून पुरते बोलून दाखवलेले नाहीत. बोलायला गेले की ते विषय बदलतात.

घरी आलो तेव्हा पाय बऱ्यापैकी सुधारला होता. काठी घेऊन संडास-बाथरूमपर्यंत जात. हात मात्र खांद्यापासून लोंबत होता. आणि बोलणं जड झालं होतं. ओठ डावीकडून मिटत नसल्यामुळे प, ब, म ही अक्षरं फुसकन निघून जायची. ‘पाणी’ म्हटलं की भलतंच काही ऐकू यायचं. बोलायला कधी न थकणारा माणूस खुणा करायला लागला. मुलीचा फोन आला की मला हातानं सांगायचे, तूच बोल.

एका दुपारी त्यांनी तबल्याकडे बोट दाखवलं. खाली बसता येत नव्हतं, म्हणून मी दिवाणावर लोड लावून त्यांना बसवलं, पुढे दोन चुंबळी ठेवल्या, उजवीकडे तबला आणि डावीकडे डग्गा मांडला. खोळ काढली. त्यांचा उजवा हात तबल्यावर असा गेला जसा कधी काही झालंच नव्हतं. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेला टेकली, तर्जनी काठावर पडली आणि स्वच्छ आवाज आला. पुन्हा तोच. मला फार बरं वाटलं. त्यांना मात्र नाही.

‘‘काय ऐकू आलं तुले?’’ त्यांनी सावकाश, शब्द गोळा करत विचारलं.

‘‘तबला आला ऐकू. अजून काय?’’

‘‘ना आलं. धा म्हटलं मी, आन् ना आलं.’’

मला फरक माहीत नव्हता. मग त्यांनी बोटानं दाखवून, थांबत थांबत मला सांगितलं. उजव्या हाताची तर्जनी काठावर पडली की ना. डाव्या हातानं डग्ग्यावर घुमारा काढला की गे. दोन्ही एकदम पडले तरच धा. धिंचंही तसंच. उजवीकडे बोट काठावर न पडता थोडं आत पडलं की तिं, आणि त्याच क्षणी डावीकडे गे पडला की धिं. डावा हात गेला म्हणजे सगळे धा आता ना झाले आणि सगळे धिं तिं झाले.

‘‘तालात भरी राहते, खाली राहते,’’ ते म्हणाले. ‘‘भरीत डग्गा बोलते. खालीत चूप राहते. माह्या हातात आता नुसती खाली राहिली.’’

एवढं बोलून त्यांनी एका हातानं खोळ ओढून तबल्यावर घातली. मी डग्ग्याची घातली.

बोलणं सुधारावं म्हणून आठवड्यातून काही दिवस दवाखान्यात एका बाईंकडे जावं लागे. वाचा सुधारण्याचं शिक्षण घेतलेली ती तरुण मुलगी होती, स्वभावानं शांत. ती ह्यांच्यासमोर आरसा ठेवायची आणि म्हणायची, काका, पापा म्हणा, बाबा म्हणा, मामा म्हणा. ह्यांना त्याचा संताप यायचा. एवढ्या वयाचा माणूस आरशात पाहून ‘मामा’ म्हणतो आणि तेही धड येत नाही. दोन-तीन वेळा ते उठून बाहेर निघून आले. तिनं कधी कपाळाला आठी घातली नाही.

एकदा आमची पाळी यायला उशीर होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. ह्यांची उजवी बोटं मांडीवर चालली होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं सुरू होतं. मी आधी लक्ष दिलं नाही. मग एकदम लक्षात आलं की मला सगळं समजतंय. एकेक अक्षर सुटं. धा धिं धिं धा. धा तिं तिं ता. मी ह्यांच्याकडे पाहत राहिले. ते थांबले.

‘‘काहून पाहून राहिली?’’

ह्यातला ‘प’ पुन्हा फुसकन गेला. आत गेल्यावर मी त्या मुलीला सांगितलं, ‘‘बाई, ह्याईचे तबल्याचे बोल साफ निघतात. तुम्ही ऐका.’’

तिनं पेन खाली ठेवलं. ‘‘काका, जरा मोठ्यानं म्हणता?’’

ह्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग उजव्या हातानं मांडीवर टाळी देत एक आवर्तन म्हटलं. खालीच्या जागी टाळी न देता हात हवेत बाजूला नेला. मग दुसऱ्यांदा दुप्पट वेगानं म्हटलं. मग काय झालं कोणास ठाऊक, तिरकिट तिरकिट असं पाण्याच्या धारेसारखं सोडलं. ती मुलगी ऐकत होती आणि तिचे डोळे ह्यांच्या ओठांवर होते.

‘‘काका, तुमच्या ह्या बोलांत ओठ मिटावे लागतात असं एकही अक्षर नाही,’’ ती म्हणाली. ‘‘धा, ना, तिं, गे, तिरकिट. सगळं जिभेचं आणि घशाचं काम. तुमची जीभ चांगली आहे. कमजोर आहेत ते ओठ.’’

हे तिच्याकडे बघतच राहिले. जन्मभर ते बोल म्हटले, पण त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मीही मनातल्या मनात सगळे बोल शोधले. तेव्हा मला येत होतेच किती. पण त्यात प, ब, म कुठे सापडला नाही.

तिनं सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ हे मोठ्यानं म्हणा. भीड चेपेल, श्वास सुधारेल आणि बोलण्याचा वेग कसा धरायचा ते ह्यातूनच येईल. ओठांची अक्षरं आपण हळूहळू मागून आणू. ‘‘पण काकू, तुम्ही सोबत म्हणा,’’ ती मला म्हणाली. ‘‘एकटा माणूस कंटाळतो.’’

अशी माझी शिकवणी सुरू झाली. सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं दिवाणावर बसायचो. ते म्हणायचे, मी त्यांच्या मागून म्हणायची. आधी मला ते सगळं सारखंच वाटायचं. धा म्हटलं काय आणि ता म्हटलं काय. हे थांबवायचे.

‘‘धा छातीतून काढ. ता नुसता दाताजवळचा.’’

‘‘काहून पण? कोणाले ऐकू जाऊन राहिलं?’’

‘‘हाताले जाते. जसं तोंड म्हणते तसा हात पडते. आधी तोंड, मग हात. माहे गुरुजी तबला देतच नव्हते हाती. आधी बोल पाठ करून ये म्हणत.’’

मला प्रश्न फार पडायचे. एकदा विचारलं, ता आणि ना ह्यांत फरक काय, कारण तुमचं बोट तर दोन्ही वेळा एकाच जागी पडतं. ते हसले. आजारपणानंतर असे मोकळे हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

‘‘फरक नाई. घाव तोच.’’

‘‘मंग दोन नावं काहून?’’

‘‘तुह्या भावाले घरी एका नावानं बोलावत, शाळेत दुसऱ्या. माणूस बदलला का? पुढचं-मागचं अक्षर पाहून तोंडाले जे सोपं जाते ते म्हणते माणूस.’’

पुढे त्यांनी हेही सांगितलं की उलटही होतं. ति एका ठेक्यात एका जागी वाजतो, तर तिरकिटमधला ति शाईच्या मधोमध, मधलं बोट आणि अनामिका एकत्र पाडून, बंद वाजतो. नाव सारखं, जागा वेगळी. म्हणून नुसतं लिहिलेलं वाचून तबला येत नाही, कोणाजवळ तरी बसावं लागतं. मी म्हटलं, मी बसलेलीच आहे.

ह्या बसण्यात बरेच दिवस गेले. ह्यांचं बोलणं हळूहळू वळणावर आलं. मुलीशी फोनवर दोन वाक्यं बोलू लागले. हात मात्र तसाच होता. व्यायाम घ्यायला येणारे गृहस्थ रोज तो उचलून वर-खाली करायचे आणि म्हणायचे, धीर धरा. त्या सुमारास एका सकाळी बोल म्हणून झाल्यावर हे म्हणाले, ‘‘खोळ काढ.’’

मी दोन्ही वाद्यं मांडली. ते तबल्यासमोर बसले आणि मला म्हणाले, ‘‘बस वं इकडे. डाव्या अंगाले.’’

‘‘मी काय करू?’’

‘‘गे दे.’’

मला खरंच वाटेना. पण बसले. डग्गा आमच्या दोघांच्या मध्ये आला. माझा त्याला जवळचा हात उजवा होता, म्हणून मी उजवाच पुढे केला. ते क्षणभर थांबले, कारण डग्गा डाव्या हातानं वाजतो. मग म्हणाले, ‘‘असू दे. डग्ग्याले काय समजते हात कोणता.’’ माझ्या बांगड्या वाजत होत्या, त्या मी कोपराकडे सरकवून घट्ट बसवल्या. त्यांनी आपल्या उजव्या हातानं माझं मनगट धरून डग्ग्याच्या चामड्यावर, शाईच्या अलीकडे टेकवलं. बोटं कमान करून वर ठेवायला लावली. ‘‘मनगट हलू देऊ नको. बोटं शाईच्या पल्याड टाक आन् लगेच उचल. टाकून ठेवली तर आवाज मरते.’’

पहिले कितीतरी घाव नुसते थपथप आले. बोटं उचलायचीच राहून जायची. कधी तरी मधेच एक घुमला. डग्गा माझ्या हाताखाली असा थरारला की मी हात बाजूला घेतला.

‘‘हा गे,’’ ते म्हणाले. ‘‘आता हाच पाहिजे.’’

गे यायला लागल्यावर आम्ही धा करायला बसलो आणि तिथे अडलो. ते ना द्यायचे, मी गे द्यायची, पण दोन्ही एकत्र पडायचे नाहीत. माझा केसभर मागे पडायचा. ऐकायला ‘नागे’ असं दोन तुकड्यांत यायचं. मी त्यांच्या बोटाकडे टक लावून पाहायची, बोट पडलं की माझा हात टाकायची. अर्थात उशीरच व्हायचा. मी चिडले. म्हटलं, हे एका माणसाचं काम आहे, दोघांना जमायचं नाही.

त्यांनी तबल्यावरचा हात काढून घेतला. ‘‘डोळे मीट,’’ म्हणाले. ‘‘धा म्हण.’’

‘‘धा.’’

‘‘त्यात ना कुठी आहे आन् गे कुठी आहे?’’

मी पुन्हा म्हणून पाहिलं. नव्हतेच ते वेगळे. तोंडात धा एकच होता.

‘‘माह्या हाताकडे पाहू नको. माह्यासंग म्हण. तोंड एकदम उघडलं का हात एकदम पडतीन.’’

आम्ही डोळे मिटून म्हणू लागलो. धा. धा. धा. हात नंतर जोडले. आणि एका वेळी तो आला. दोन माणसांनी काढलेला, पण तुकडा कुठेच नसलेला धा. मी डोळे उघडून ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पुढच्याची वाट बघत होते. मला रडू आलं, डोळे मी पदरानं टिपले आणि पुन्हा हात ठेवला, कारण त्यांचा उजवा हात तयार होता.

पुढचं शिकणं म्हणजे कुठे वाजवायचं नाही ते शिकणं. तीनतालात तिसऱ्या भागात धा तिं तिं ता येतो, तिथे एका धानंतर डग्गा गप्प बसतो आणि चौथ्या भागात ता होऊन गेल्यावर धिंवर परत येतो. मला एकदा हात चालू झाला की थांबवता यायचा नाही. तिंवर माझा गे पडला की त्याचा धिं व्हायचा आणि खाली भरून जायची. हे रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, ‘‘आता काय म्हटलं तोंडानं?’’ मी म्हणायची, ‘‘तिं.’’ ‘‘मंग?’’ एवढंच. तोंडात ध असेल तर माझा हात, त असेल किंवा न असेल तर माझा हात वर. एवढा एकच नियम मी धरून ठेवला आणि त्यानं मला तारलं.

भजनाचे भाऊजी अधूनमधून पाहायला यायचे. एका संध्याकाळी ते आले तेव्हा आम्ही बसलो होतो. ते दारातच उभे राहिले. आवर्तन पुरं झाल्यावर आत आले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, येत्या काही गुरुवारांत कधीही या. तयारी झाली म्हणून कळवा, मी जागा ठेवतो.’’

मी म्हटलं, ‘‘भाऊजी, मी काय वाजवणारी आहे का?’’

‘‘तुम्हाला एकटीला कोण बोलावून राहिलं? तबलजीले बोलावतो आहे. तो आता दोन माणसांचा झाला तर दोन माणसं या.’’

भजनाला तीनताल चालत नाही, तिथे केरवा जास्त. म्हणून हे मला केरवा देऊ लागले. धा गे ना ति, न क धिं न. ह्यात मला धा, गे आणि धिं ही तीन कामं. आणि मधला तो क. क म्हणजे डग्ग्यावर हात सपाट टाकायचा आणि टाकूनच ठेवायचा, घुमू द्यायचा नाही. गेनंतर मला क जमायचा नाही. बोटं सवयीनं उचलली जायची. म्हणायला क किती छोटा आणि बंद, आवाजही तसाच, पण माझा हात तो ऐकत नव्हता.

एका दुपारी व्यायामाचे गृहस्थ हात उचलून-टाकून गेल्यावर आम्ही बसलो. ह्यांचा डावा हात उशीवरून घसरून डग्ग्याच्या काठाला टेकलेला होता. तो तसा बहुतेक वेळा असायचा. म्हणत म्हणत आम्ही सावकाश चाललो होतो. न क धिं न. त्यात मला एक क ऐकू आला. अगदी बंद, नीट, आणि माझा हात तर वर होता.

मी थांबले. हेही थांबले.

‘‘तुम्ही दिला?’’ मी विचारलं.

ते आपल्या डाव्या हाताकडे पाहत होते. तळवा डग्ग्यावर सपाट पडलेला होता. बोटं उचलली जात नव्हती, कमान होत नव्हती, पण मनगटापासून तळवा थोडा वर होऊन खाली पडला होता. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तोंडानं ‘क’ म्हणाले आणि हात पडला. पुन्हा म्हणाले, पुन्हा पडला. जड, पण वेळेवर.

‘‘क ले बोटं उचलाचं कामच नाई,’’ ते म्हणाले. ‘‘पडला का झालं. हे येते मले.’’

त्या दिवशी व्यायामाच्या गृहस्थांना मी फोन केला. दुसऱ्या दिवशी ते आल्या आल्या म्हणाले, दाखवा. ह्यांनी दाखवलं. त्या गृहस्थांना तबल्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी क म्हणायला सांगून सांगून तोच व्यायाम करून घेतला, आणि मला वाटतं जातानाही ते जिन्यावर क क म्हणत गेले.

अशी आमची वाटणी ठरली. उजवीकडचं सगळं त्यांचं. डग्ग्यावर गे माझा आणि क त्यांचा. एकाच डग्ग्यावर दोन हात, एक अलीकडून, एक पलीकडून. सुरुवातीला हात हातावर पडायचे. मग मी क म्हणताना हात मागे घ्यायला शिकले.

गुरुवारी देवळात गेलो तेव्हा मंडळींनी भिंतीशी दोघांना बसता येईल असा उंच, रुंद लाकडी चौरंग मांडून ठेवला होता, म्हणजे ह्यांना जमिनीवर बसावं लागू नये. मी ओटीवरच्या बायकांसमोरून आत गेले आणि ह्यांच्या डाव्या अंगाला बसले. सगळ्या पाहत होत्या. पहिलं भजन सावकाश होतं, ते चांगलं गेलं. दुसऱ्याला मंडळी रंगात आली. टाळ वाढले, लय वाढली, मला माझा आवाज ऐकू येईना. तोंडातले बोल सुटले आणि ते सुटताच हातही सुटला. माझा गे पुन्हा मागे पडायला लागला. धाचे दोन तुकडे झाले ते मला स्वतःला ऐकू येत होते. मला वाटलं, उठून जावं.

तेवढ्यात ह्यांनी बोल म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं. भजन चालू असतानाच, माझ्या कानापाशी तोंड आणून. धा गे ना ति, न क धिं न. अक्षर न् अक्षर सुटं. पेटीवरच्या भाऊजींनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि काही न दाखवता लय किंचित खाली आणली. गाणारे त्यांच्यामागे आले. मी ह्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला, आणि दोन-चार आवर्तनांत हात जागेवर आला.

शेवटाकडे ह्यांचा डावा हात थकला. क रिकामा जाऊ लागला. त्यांनी मान थोडी माझ्याकडे वळवून म्हटलं, ‘‘क घे.’’ मला वाटलं होतं मला तो येत नाही. पण इतके दिवस त्यांचा क शेजारी बसून ऐकला होता, म्हणून की काय, हात सपाट पडला आणि पडून राहिला. भजन संपेपर्यंत मी तोही दिला.

परतताना रिक्षात ते फार थकलेले होते. मान मागे टेकून बसले. मग म्हणाले, ‘‘म म्हणताना हवा कमी निघते का वं आता?’’ मी म्हटलं, हाव, मघाशी ‘मंडळ’ म्हणाले ते कळलं मला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीला आम्ही सगळं सांगितलं. तिनं ह्यांना ‘मामा’ म्हणायला लावलं आणि ह्यांनी न रागावता म्हटलं.

त्यांची बोटं काही पूर्ण परत आली नाहीत. डॉक्टरांनी आता तशी आशा ठेवायला सांगितलेली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही ती बाजूला ठेवली आहे. त्यांचा क पक्का झाला आहे. कधी कधी गे निघतो, पण घुमत नाही. त्यांना कोणी विचारलं तर ते सांगतात, ‘‘डग्गा घरात आहे, चिंता नाई.’’ आणि माझ्याकडे हात करतात.

मी ह्यांच्या आजाराबद्दल देवाचे आभार मानत नाही, ते खोटं होईल. पण शेजाऱ्यांनी गाडी काढली, एका मुलीनं ओठांकडे नीट पाहिलं, एका माणसानं पेटीची लय खाली आणली आणि माझ्या नवऱ्यानं मला ह्या वयात, स्वतःचा हात गेलेला असताना, न रागावता धा शिकवला. ह्या सगळ्याबद्दल माझं मन भरून येतं. इतकी वर्षं ज्या आवाजाकडे मी पाठ करून बसले होते, त्याच्या मधोमध आता माझा हात असतो.

सध्या रूपक ताल चालला आहे. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. इतर तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, डग्गा बोलतो, ह्यात समच खाली. ताल सुरू होतो आणि माझा हात तसाच वर. ह्यांचा उजवा हात एकटा चालतो आणि मी शेजारी बसून त्यांच्याबरोबर म्हणत राहते. चौथ्या मात्रेला माझी पाळी येते. सुरुवातीला मी घाई करायची. आता करत नाही.